विमान उतरले, पण माणूस बाहेर कधी येणार? पुण्याहून मुंबई विमानतळावर नातेवाइकांना आणायला जाणाऱ्यांसाठी

परदेशातून येणाऱ्या माणसाला आणायला पुण्याहून पहिल्यांदाच मुंबईला जाणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा एकच वेळ पक्की असते, आणि ती म्हणजे तिकिटावर छापलेली आगमनाची वेळ. त्या वेळेच्या आधी अर्धा तास विमानतळावर हजर राहायचे, असा हिशेब करून घरून निघणारे लोक मग पार्किंगमध्ये किंवा आगमन कक्षाबाहेरच्या कठड्याला टेकून दीड-दोन तास काढतात. त्या काळात त्यांचे तिकडे काहीच काम नसते, चालकाची झोप मात्र वाया जाते, आणि परतीचा घाट तर अजून उतरायचा नव्हे, चढायचा असतो. आमच्या घरातले आणि सोसायटीतले बरेच जण परदेशी असल्यामुळे हे आणणे-पोहोचवणे माझ्याकडेच येते. त्यातून बसवलेली हिशेबाची पद्धत इथे क्रमाने देत आहे. आकडे मिनिटांत दिले असले तरी ते अनुभवाचे अंदाज आहेत, विमानतळाने दिलेली हमी नव्हे.

आधी गोळा करायची माहिती आणि कागद

येणाऱ्या माणसाकडून निदान दोन दिवस आधी पुढील गोष्टी मागून घ्याव्यात.

- ई-तिकिटाची प्रत, ज्यात प्रवासाच्या प्रत्येक टप्प्याचा विमान क्रमांक वेगवेगळा दिसतो.
- प्रत्येकाचा पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे, आणि परदेशी असल्यास ओसीआय कार्ड आहे की व्हिसा.
- विमानाच्या पोटात टाकलेल्या बॅगा किती, आणि शक्य असल्यास त्यांच्या टॅगचे छायाचित्र.
- विमानातील आसन क्रमांक. हा कशाला हवा, ते पुढे कळेल.
- भारतात उतरल्यावर त्यांचा फोन चालणार आहे की नाही.

तुमच्याकडे फास्टॅगमध्ये पुरेशी रक्कम आणि गाडी भाड्याची असल्यास चालकाचा क्रमांक व थांबण्याच्या आकाराची आधीच झालेली बोलणी असावी. तिकिटाची प्रत कुटुंबाच्या मोठ्या ग्रुपवर टाकू नये, हे जाता जाता सांगतो. तिच्यावरचा आरक्षण क्रमांक आणि आडनाव एवढ्या दोन गोष्टींवर बऱ्याच विमान कंपन्यांच्या संकेतस्थळावर ते आरक्षण उघडता येते.

१. विमानतळ, तारीख आणि विमान क्रमांक यांची खात्री करा

मुंबईत येणारी आंतरराष्ट्रीय विमाने छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाच्या टर्मिनल २ वर, म्हणजे सहारच्या बाजूला लागतात. तिकिटावर त्याचा संकेत BOM असा असतो. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालेला असून त्याचा संकेत NMI आहे. पुण्याहून जाणाऱ्याच्या दृष्टीने हे दोन विमानतळ अगदी वेगळ्या अंतरावर असल्यामुळे तिकिटावर शहराचे नाव न वाचता ही तीन अक्षरेच वाचावीत.

तारखेची चूक मात्र याहून सर्रास होते. तिकिटावर शनिवार, रात्री १:०५ असे लिहिले असेल तर तुम्हाला घरून शुक्रवारी रात्री निघायचे असते. शनिवारी रात्रीचे जेवण उरकून निघालेला माणूस पूर्ण एक दिवस उशिरा पोहोचतो. त्यातच विमानाचा माग दाखवणारी बहुतेक संकेतस्थळे विमानाची नोंद ते जिथून सुटते तिथल्या तारखेखाली करतात. फ्रँकफर्टहून शुक्रवारी दुपारी सुटून शनिवारी पहाटे मुंबईत उतरणारे विमान यादीत शुक्रवारच्या ओळीत सापडते. हा क्रमांक रोजचाच असल्यामुळे शनिवारची ओळ उघडली तर तुम्ही दुसऱ्याच विमानाकडे पाहत बसता, आणि ‘अजून सुटलेलेच नाही’ असे वाचून घाबरता.

तिसरी गोष्ट क्रमांकाची. एकाच विमानातील आसने दोन-तीन कंपन्या आपापल्या क्रमांकाने विकतात. तिकिटावर अमेरिकी कंपनीचा क्रमांक असतो, तर प्रत्यक्ष विमान जर्मन कंपनीचे असते. तिकिटावर त्या टप्प्याखाली ‘Operated by’ या शब्दांपुढे ज्या कंपनीचे नाव असेल, तिच्या संकेतस्थळावरून मूळ क्रमांक काढावा आणि माग त्याच क्रमांकाने घ्यावा.

येणारा माणूस दिल्लीमार्गे पुण्याच्या लोहगाव विमानतळावर येणार असेल तर पुढचा बराचसा लेख तुम्हाला लागू होत नाही. त्याचे इमिग्रेशन भारतातील पहिल्या विमानतळावर, म्हणजे दिल्लीला होते, सर्वसाधारणपणे बॅगाही तिथेच उचलून कस्टम्समधून नेऊन पुन्हा द्याव्या लागतात, आणि पुण्यात तो देशांतर्गत प्रवाशासारखा बॅग घेऊन बाहेर पडतो. तिथे उतरल्यानंतर अर्धा तास धरणे पुरेसे होते. तुमचा धोका वेगळाच असतो. दिल्लीच्या रांगेत वेळ गेला तर पुण्याचे विमान चुकते, म्हणून लोहगावला निघण्यापूर्वी तो दुसऱ्या विमानात बसल्याचा निरोप येऊ द्यावा.

२. विमानाचा माग कधी आणि कशावर विश्वास ठेवून घ्यावा

Flightradar24 किंवा FlightAware यांपैकी कोणतेही एक पुरते, आणि जोडीला विमान कंपनीचे स्वतःचे संकेतस्थळ उघडून ठेवावे. विमान आपले स्थान रेडिओ संदेशाने सतत प्रसारित करत असते, आणि ते संदेश जमिनीवरचे ग्राहक यंत्र पकडते तेव्हा नकाशावर चिन्ह हलते. समुद्रावर किंवा जिथे अशी यंत्रे विरळ आहेत तिथे चिन्ह थांबते, नाहीसे होते किंवा अंदाजाने पुढे सरकवले जाते. विमान नकाशावरून गेले म्हणून घरात कालवा करण्याचे कारण नाही. काही वेळाने ते दुसऱ्या यंत्राच्या टप्प्यात येऊन पुन्हा दिसू लागते.

पहिल्यांदा पाहायचे ते सुटण्याची प्रत्यक्ष वेळ. लांबच्या विमानांच्या वेळापत्रकात थोडी सैल वेळ ठेवलेली असते, त्यामुळे अर्धा तास उशिरा सुटलेले विमानही अनेकदा वेळेवर पोहोचते. सुटतानाचा उशीर जसाच्या तसा आगमनाच्या वेळेत मिळवू नये. ‘Estimated’ या शब्दापुढची वेळ उड्डाणाच्या मध्यावर वाऱ्याप्रमाणे मागे-पुढे होत राहते आणि शेवटच्या तासाभरात स्थिरावते. पुण्याहून निघण्याचा निर्णय त्याआधी करावा लागतो ही आपली खरी अडचण आहे, आणि म्हणूनच वाटेत एक थांबा ठेवावा लागतो. त्याकडे पुढे येतो.

मुंबईच्या बाबतीत शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांचाही भरवसा नसतो. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत, आणि गर्दीच्या वेळी विमानांना आकाशात घिरट्या घालत थांबवले जाते. नकाशावर विमानाची रेघ लंबगोल कडी काढताना दिसली तर ती हीच. पावसाळ्यात अशा दोन-तीन कड्यांनंतर विमान दुसऱ्याच शहराकडे वळू शकते. ‘Diverted’ असा शब्द दिसला की तुम्ही जिथे असाल तिथेच थांबावे, कारण असे विमान इंधन भरून परत यायला काही तास घेते.

दोन टप्प्यांच्या प्रवासात एक सापळा आहे. दुसऱ्या टप्प्याचे विमान वेळेवर सुटलेले दिसते, पण तुमचा माणूस पहिल्या विमानाच्या उशिरामुळे त्यात चढलेलाच नसतो. माग विमानाचा घेता येतो, माणसाचा नाही. म्हणून मधल्या विमानतळावर दुसऱ्या विमानात आसनावर बसल्यावर एक संदेश पाठवायचा, हे आधी ठरवून घ्यावे. तो संदेश आल्याशिवाय मी गाडी बाहेर काढत नाही.

३. ‘Landed’ म्हणजे दार उघडले असे नव्हे

तिकिटावरची आगमनाची वेळ ही विमान आपल्या जागी येऊन उभे राहण्याची वेळ असते. माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावरचे ‘Landed’ मात्र चाके जमिनीला टेकल्याची वेळ दाखवते. या दोहोंत मुंबईला साधारण दहा मिनिटे जातात. जागा रिकामी नसेल तर विमान टॅक्सीवेवर ताटकळते आणि वीस मिनिटेही जातात. विमान टर्मिनलला न लागता लांब उभे राहिले तर प्रवाशांना बसने आणले जाते, आणि त्याचे आणखी दहा-पंधरा मिनिटे धरावे लागतात.

त्यानंतर आसन क्रमांकाचा उपयोग होतो. साडेतीनशे माणसे बसणाऱ्या मोठ्या विमानात पुढच्या भागातले लोक पाच मिनिटांत बाहेर पडतात, तर चाळिसाव्या रांगेतल्या कुटुंबाला मुले, वरच्या कप्प्यातल्या पिशव्या आणि पुढची रांग सरकण्याची वाट यांत पंधरा ते वीस मिनिटे लागतात. टर्मिनल २ मधील चालही लांब आहे. विमानाच्या दारापासून इमिग्रेशनपर्यंत तरुण माणूस सात-आठ मिनिटांत पोहोचतो, पण लहान मुले आणि वाटेतली प्रसाधनगृहे धरली तर पंधरा मिनिटे कुठे गेली ते कळत नाही.

मुलांकडे राहून परतणाऱ्या आई-वडिलांसाठी व्हीलचेअर मागितली असेल तर हिशेब बदलतो. व्हीलचेअरचे प्रवासी विमानातून सर्वांत शेवटी उतरवले जातात, कधी कधी खुर्ची येईपर्यंत दाराशीच बसून राहतात. पण एकदा मदतनीस मिळाला की इमिग्रेशनची लांब रांग त्यांना बहुधा टाळता येते, बॅगा बेल्टवरून काढणेही तोच करतो. एकूण वेळ गर्दीच्या रात्री इतरांपेक्षा कमी आणि रिकाम्या रात्री जास्त लागतो, असे माझे निरीक्षण आहे.

४. माणसाचा वेळ आणि बॅगेचा वेळ वेगवेगळे मोजा

बहुतेकांचा अंदाज चुकतो तो इथे. लोक उतरणे, चालणे, इमिग्रेशन आणि बॅगा यांची मिनिटे एकापुढे एक मांडून बेरीज करतात. वास्तविक विमान उभे राहिल्या क्षणापासून माणूस आणि सामान वेगवेगळ्या वाटांनी एकाच वेळी निघतात. माणूस रांगेत असताना बॅगा विमानातून उतरून बेल्टकडे येत असतात. म्हणून दोन्ही वेळा स्वतंत्र काढाव्यात, त्यांतली जी मोठी असेल ती घ्यावी, आणि फक्त त्यापुढचा बॅगा गोळा करण्याचा व कस्टम्सचा वेळ तिच्यात मिळवावा.

बॅगांचा अंदाज तुलनेने सोपा आहे. विमान उभे राहिल्यापासून पहिल्या बॅगा वीस-पंचवीस मिनिटांत बेल्टवर दिसू लागतात आणि मोठ्या विमानाच्या शेवटच्या बॅगा यायला पन्नास मिनिटे ते एक तास लागतो. प्राधान्याचा टॅग लावलेल्या बॅगा आधी येतात. बॅगा जितक्या जास्त, तितकी त्यांतली एखादी शेवटच्या खेपेत असण्याची शक्यता जास्त, म्हणून सहा बॅगांच्या कुटुंबासाठी मी नेहमी एक तासच धरतो.

माणसाच्या वेळेत अनिश्चित भाग इमिग्रेशनचा असतो. रांग वाचण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे तुमच्या विमानाच्या आधीच्या अर्ध्या-पाऊण तासात टर्मिनल २ वर कोणती परदेशी विमाने उतरली ते माग दाखवणाऱ्या संकेतस्थळाच्या आगमन यादीत पाहणे. तिथे विमानाचा प्रकारही दिसतो. A320 किंवा B738 असेल तर सुमारे पावणेदोनशे माणसे, आणि B77W असेल तर साडेतीनशेच्या आसपास, इतका ढोबळ हिशेब चालतो. आधी एकच लहान विमान उतरले असेल तर रांग दहा-पंधरा मिनिटांची असते. तीन मोठी विमाने लागोपाठ आली असतील तर पाऊण तास धरावा आणि त्याहून जास्त लागल्यास आश्चर्य मानू नये. मुंबईत आखाती देशांकडून आणि युरोपकडून येणाऱ्या विमानांची दाटी मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत असते, आणि आपले बहुतेक नातेवाईक नेमके त्याच वेळी उतरतात.

दुसरा मार्ग पासपोर्टचा. भारतीय पासपोर्ट, ओसीआय कार्ड आणि व्हिसा घेऊन येणारे परदेशी यांच्या खिडक्या वेगळ्या असतात, आणि ई-व्हिसावाल्यांच्या बोटांचे ठसे व छायाचित्र घेण्यात दर माणशी जास्त वेळ जातो. भारतीय नागरिक आणि ओसीआयधारक यांच्यासाठी ‘फास्ट ट्रॅक इमिग्रेशन’ ही योजना जून २०२४ मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह आणखी सात विमानतळांवर आली. ftittp.mha.gov.in या संकेतस्थळावर आधी अर्ज करून बोटांचे ठसे दिलेल्या प्रवाशाला स्वयंचलित दारातून जाता येते. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून निघण्याच्या आदल्या आठवड्यात अर्ज करून उपयोग नाही. शिवाय लहान मुले त्या दारातून जाऊ शकत नसल्यामुळे मुलांसह येणाऱ्या कुटुंबाने साधी रांगच धरावी. व्हिसावर येणाऱ्या परदेशी पाहुण्याने, उदाहरणार्थ परदेशी जावयाने, ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालेले ई-आगमन पत्र प्रवासाच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरून ठेवावे, नाहीतर ते रांगेच्या तोंडाशी उभे राहून फोनवर भरण्यात वीस मिनिटे जातात. ओसीआय कार्ड हातातल्या पिशवीत असावे, हे सांगण्याची गरज वाटू नये, पण ते मोठ्या बॅगेत टाकणारे लोक आहेत.

कस्टम्समध्ये जाहीर करण्यासारखे काही नसेल तर हिरव्या मार्गाने पाच-दहा मिनिटांत सुटका होते. बॅग क्ष-किरण यंत्रात घालायला सांगितली तर दहा-पंधरा मिनिटे वाढतात. सोने किंवा करपात्र वस्तू असल्याने लाल मार्गाने जायचे असेल तर पावती होईपर्यंत निदान पाऊण तास राखून ठेवावा. आणि बॅगांच्या आधी लागणारे ड्युटी फ्री दुकान कोणत्याही हिशेबात नसते. येणाऱ्या काकांना त्यात रस आहे की नाही, हे घरच्यांना माहीत असतेच, त्याप्रमाणे पंधरा मिनिटे धरावीत.

५. एक हिशेब पूर्ण मांडून पाहू

समजा, दादा, वहिनी आणि त्यांची सात व चार वर्षांची दोन मुले शिकागोहून फ्रँकफर्टमार्गे येत आहेत. दादा-वहिनींचे पासपोर्ट भारतीय, मुलांचे अमेरिकी आणि सोबत ओसीआय कार्डे. आसने एक्केचाळिसाव्या रांगेत, बॅगा सहा. तिकिटावर आगमन शनिवारी पहाटे १:०५. शुक्रवारी रात्री उशिरा नकाशावर चाके टेकण्याची अंदाजे वेळ १२:५० दिसते.

विमान १ वाजता जागेवर उभे राहील. एक्केचाळिसाव्या रांगेतून बाहेर पडायला १८ मिनिटे आणि मुलांना घेऊन चालायला १२ मिनिटे, म्हणजे इमिग्रेशनची रांग धरायला १:३० होतील. आगमन यादीत आधीच्या अर्ध्या तासात दोन मोठी आणि एक लहान अशी तीन परदेशी विमाने दिसतात, म्हणून रांगेचे ३५ मिनिटे धरले. कुटुंबातले पासपोर्ट दोन प्रकारचे असले तरी लहान मुले असलेल्यांना रांगेवरचे कर्मचारी बहुधा एकाच खिडकीवर पाठवतात, पण रांगेत उभे राहण्याआधीच ते विचारून घ्यावे. माणसांची वाट २:०५ ला संपली.

बॅगांची वाट विमान उभे राहिल्यापासून एक तास, म्हणजे २ वाजता. दोहोंतली मोठी वेळ २:०५. तिथून बेल्टपर्यंत चालणे, दोन ट्रॉल्या मिळवणे आणि सहा बॅगा ओळखून चढवणे याला १५ मिनिटे, कस्टम्सला १० मिनिटे. बाहेर येण्याची वेळ २:३०. चाके टेकल्यापासून एक तास चाळीस मिनिटे, आणि तिकिटावरच्या वेळेपासून जवळजवळ दीड तास. रांग लवकर सरकली तरी बॅगांमुळे ते सव्वादोनच्या फारसे आधी बाहेर येत नाहीत. रांग वाढली तर तीन वाजतात. मी घरच्यांना सांगताना ‘सव्वादोन ते तीन’ असेच सांगतो, एक वेळ सांगत नाही.

याच विमानात पुढच्या रांगेत फक्त हातातली पिशवी घेऊन बसलेला, स्वयंचलित दाराची नोंदणी असलेला भाचा असता तर बॅगांची वाट गळून पडली असती आणि तो १:३० च्या सुमारास बाहेर आला असता. एकाच विमानातल्या दोन नातेवाइकांत एक तासाचा फरक पडतो. म्हणून शेजाऱ्यांचा मुलगा मागच्या वेळी किती वेळात बाहेर आला, यावरून अंदाज बांधू नये.

६. पुण्याहून कधी निघावे आणि वाटेत कुठे थांबावे

कोथरूडपासून टर्मिनल २ हे अंतर साधारण १५५ ते १६० किलोमीटर आहे. रात्री, थांबा न धरता, साडेतीन तास धरावेत. वाशी, मानखुर्द, चेंबूरवरून सहारकडे जाताना जागोजागी चाललेल्या कामांसाठीचा राखीव अर्धा तास त्यातच धरला आहे. वरच्या उदाहरणात तुम्हाला २ वाजता पार्किंगमध्ये पोहोचायचे आहे, कारण त्याआधी कोणी बाहेर येणार नाही. म्हणून रात्री १० वाजता निघावे, ११:४० च्या सुमारास खालापूरच्या आसपास द्रुतगती मार्गालगतच्या फूड मॉलवर थांबावे आणि चहा घेता घेता माग पुन्हा पाहावा.

हा थांबा मी मुद्दाम तिथे ठेवतो. घाट मागे पडलेला असतो, त्यामुळे वाटेतला सर्वांत अनिश्चित टप्पा संपलेला असतो. तिथून विमानतळ पावणेदोन तासांवर उरतो, आणि विमान त्या वेळी साधारण तासाभराच्या अंतरावर आलेले असल्यामुळे उतरण्याची वेळ आता बऱ्यापैकी पक्की दिसते. वेळ तीच असेल तर १२:१० ला पुढे निघावे. विमान तासभर उशिरा असेल तर तो तास इथे, दिव्याखाली आणि प्रसाधनगृहाजवळ घालवावा, आणि चालकाने गाडीत झोप काढावी. द्रुतगती मार्गाच्या कडेला गाडी उभी करून वाट पाहू नये. ते नियमात बसत नाही आणि रात्री मागून येणाऱ्या ट्रकमुळे जिवावर बेतू शकते.

येणारे विमान रविवारी रात्रीचे असेल तर सुट्टी संपवून मुंबईला परतणाऱ्यांची गर्दी घाटात तुमच्याच दिशेने असते, आणि वरच्या वेळेत निदान एक तास मिळवावा. परतीचा हिशेबही आत्ताच करावा. शनिवारी पहाटे अडीचला बाहेर पडलेले कुटुंब पावणेपाचपर्यंत घाटाच्या पायथ्याशी येते आणि रस्ता मोकळा मिळतो. तेच विमान साडेचारला उतरणारे असते तर तुम्ही आठच्या सुमारास घाटात शिरला असता, लोणावळ्याला निघालेल्या मुंबईकरांच्या बरोबर. अशा वेळी पुण्याला सात-आठ तास धरावेत किंवा मुलांना मुंबईतच नातेवाइकांकडे झोपवून दुपारी निघावे.

७. भेटीची जागा आणि निरोपांचे टप्पे आधी ठरवा

तिकीट नसलेल्यांना टर्मिनलच्या आत जाता येत नाही, आणि आगमनाच्या रस्त्यावर गाडी उभी करून थांबू दिले जात नाही. म्हणून गाडी बहुमजली पार्किंगमध्ये लावावी, एकाने आगमन दाराबाहेर जावे आणि दुसऱ्याने गाडीजवळ थांबावे. पार्किंगचा मजला आणि खांबाचा क्रमांक यांचे छायाचित्र काढून ठेवावे. रात्री तीन वाजता सगळे मजले सारखेच दिसतात.

येणाऱ्यांकडून चार निरोप मागावेत: विमान उभे राहिले, इमिग्रेशन झाले, सर्व बॅगा हातात आल्या, कस्टम्समधून बाहेर पडलो. यांत महत्त्वाचा तिसरा. तो आल्याशिवाय पार्किंगमधून हलू नये, कारण ‘एकच बॅग राहिली आहे’ या वाक्यानंतर अर्धा तास जाऊ शकतो. दुसरा निरोप येताच घड्याळ पाहिले तर तुमचा अंदाज किती मिनिटांनी चुकतो आहे ते मात्र तिथेच कळते.

फोन चालेलच असे धरू नये. विमानतळाच्या वायफायसाठी संकेत मागवावा लागतो आणि परदेशी क्रमांकावर तो दर वेळी येतो असे नाही. आई-वडील येत असतील तर तुमचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या पासपोर्टच्या पाकिटात असावी. व्हीलचेअरचा मदतनीस किंवा शेजारचा प्रवासी त्यावरून फोन लावून देतो. फोन न झाल्यास बाहेर पडल्यावर पहिल्याच मोकळ्या जागी थांबायचे, पुढे शोधत जायचे नाही, आणि टॅक्सीसाठी विचारणाऱ्या कोणाहीबरोबर चालू लागायचे नाही, एवढे बजावून ठेवावे.

८. ठरलेली वेळ उलटली तर

अंदाजाच्या वरच्या टोकानंतर, म्हणजे उदाहरणात तीन वाजल्यानंतर, अर्धा तास गेला आणि निरोपही नाही, तर बहुधा तीनपैकी एक कारण असते. बॅग आलेली नसेल तर प्रवाशाला बेल्टजवळच्या विमान कंपनीच्या कक्षात तक्रार नोंदवून PIR अशी अक्षरे असलेला अहवाल घ्यावा लागतो, आणि त्याच विमानातल्या आणखी काही जणांच्या बॅगा राहिल्या असतील तर त्या खिडकीवरच पाऊण तास जातो. हा अहवाल न घेता बाहेर पडू नये, असे येणाऱ्याला आधीच सांगावे. टर्मिनलबाहेर आल्यावर पुन्हा आत जाणे कठीण असते. बॅग पुण्याच्या पत्त्यावर पाठवण्याची विनंती त्याच अर्जात करता येते, म्हणून पूर्ण पत्ता पिनकोडसह त्यांच्याकडे लिहिलेला असावा.

दुसरे कारण कस्टम्सच्या तपासणीचे, आणि त्या वेळी फोन घेता येत नसल्यामुळे शांतता पसरते. बाहेर त्याच विमानातले इतर लोक, ज्यांच्या बॅगांवर तेच टॅग दिसतात, येत आहेत का ते पाहावे. ते अजून येत असतील तर रांगच लांबली आहे. ते येणे थांबून वीस मिनिटे झाली असतील तर तुमचा माणूस तपासणीत किंवा बॅगांच्या खिडकीवर आहे असे समजावे.

तिसरे कारण तो विमानात नव्हताच, हे. मधल्या विमानतळावरून आसनावर बसल्याचा संदेश आला असेल तर ही शक्यता उरत नाही. आला नसेल तर विमान कंपनीचे कर्मचारी प्रवाशांची नावे बाहेरच्यांना सहसा सांगत नाहीत. त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी ज्या आरक्षण क्रमांकावर प्रवास आहे तो कंपनीच्या संकेतस्थळावर आडनावासह टाकून पाहावा. जोडविमान चुकले असेल तर नव्या विमानाचा क्रमांक आणि वेळ तिथे दिसू लागते, आणि मग हिशेब पहिल्या पायरीपासून पुन्हा मांडावा, तारखेसकट.